बहात्तरचा नियम आणि तीन कागद : दामदुप्पट नक्की कोणत्या महिन्यात?

या प्रकरणातले गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांचे नाव-गाव सांगत नाही, नुसते गुरुजी म्हणतो. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेपैकी घरदुरुस्ती आणि देणीघेणी उरकून ४ लाख रुपये शिल्लक होते आणि त्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी ते माझ्याकडे आले. सोबत तीन कागद होते. पहिला पोस्टातून आणलेला किसान विकास पत्राचा माहितीकागद. दुसरा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे दामदुप्पट ठेवीचे पत्रक. तिसरी मुलाने एका सावकाराला लिहून दिलेली चिठ्ठी, तिची झेरॉक्स. मुलाने धंद्यासाठी १ लाख रुपये हातउसने घेतले होते, दर शेकडा पाच दरमहा, आणि चिठ्ठीत एक ओळ होती : व्याज थकल्यास ते मुद्दलात जमा धरले जाईल.

गुरुजींनी तिन्ही कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलने एकच भागाकार केलेला होता. ७२ भागिले दर. हा बहात्तरचा नियम त्यांना विमा एजंटाने शिकवला होता आणि त्यांचा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. व्याजाचा दर काहीही असो, ७२ ला त्याने भागले की पैसे दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते कळते. नियम जुना आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचोलीच्या अंकगणिताच्या ग्रंथात तो आलेला आहे, तोही सिद्धतेशिवाय, नुसता वापरायचा ठोकताळा म्हणून. गुरुजींच्या तीन कागदांची गंमत अशी की त्यांतल्या एकावर हा ठोकताळा महिन्यापर्यंत अचूक निघाला, दुसऱ्यावर त्याने निकालच उलटा केला, आणि तिसऱ्यावर त्याच्यामुळे घरात वाद झाला. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पहिला कागद : किसान विकास पत्र

१ एप्रिल २०२३ पासून किसान विकास पत्राचा दर साडेसात टक्के आहे. व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळते आणि रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होते असे सरकारनेच जाहीर केलेले आहे. गुरुजींनी ७२ ला ७.५ ने भागले, उत्तर आले ९.६. त्यांनी शेजारी लिहिले, ‘९ वर्षे ६ महिने’. पोस्टाचे ११५ महिने म्हणजे ९ वर्षे ७ महिने. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता, “पोस्ट एक महिना जास्त का ठेवून घेतं?”

पोस्ट काही ठेवून घेत नाही. ९.६ मधला सहा हा महिन्यांचा आकडा नाही, तो वर्षाचा सहा दशांश भाग आहे आणि १२ महिन्यांचे सहा दशांश म्हणजे ७.२ महिने. ही चूक किती जण करतात ते मी रोज पाहतो, आणि नियमाच्या स्वतःच्या चुकीपेक्षा ती पुष्कळदा मोठी असते. दशांश अपूर्णांकातली वर्षे आधी १२ ने गुणून महिन्यांत आणावीत, मगच तुलना करावी. ९.६ गुणिले १२ म्हणजे ११५.२ महिने.

आता अचूक उत्तर काढू. एक रुपया दरवर्षी १.०७५ पट होतो, तर किती वर्षांनी तो २ होईल, एवढाच प्रश्न आहे. २ चा लॉगॅरिदम भागिले १.०७५ चा लॉगॅरिदम केले की उत्तर ९.५८४ वर्षे येते, म्हणजे ११५.०१ महिने. ठोकताळा ११५.२, अचूक ११५.०१, सरकारी ११५. यापेक्षा चांगला मेळ कोणत्याही ठोकताळ्याकडून मागता येणार नाही.

पण हा मेळ पाहून नियमावर सरसकट विश्वास ठेवणे हीच पुढच्या दोन कागदांवरच्या घोटाळ्याची सुरुवात होती. साडेसात टक्क्यांना नियम बरोबर येतो, कारण तो मुळात त्याच टापूसाठी बेतलेला आहे. वर्षाला एकदा चक्रवाढ धरली तर ७२ हा आकडा तंतोतंत खरा ठरतो तो सुमारे ७.८५ टक्क्यांना. ६ ते १० टक्क्यांच्या पट्ट्यात तो एका महिन्याच्या आतबाहेर चुकतो. पोस्ट आणि बँकांचे दर बराच काळ याच पट्ट्यात राहिल्यामुळे आपल्याकडे नियमाची परीक्षा फारशी झालीच नाही.

एकदा मात्र झाली होती. किसान विकास पत्र १९८८ साली सुरू झाले तेव्हा ते साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. ‘साडेपाच वर्षांत दुप्पट’ हे शब्द त्या पिढीच्या कानात अजून आहेत, गुरुजींच्याही होते. ७२ भागिले ५.५ केले तर दर १३.०९ टक्के निघतो. खरा वार्षिक दर मात्र १३.४३ टक्के होता. म्हणजे तेच पत्र, तोच नियम, आणि चूक एक तृतीयांश टक्क्याची. २०१४ मध्ये पत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा दर ८.७ टक्के होता आणि मुदत १०० महिने. तिथे ठोकताळा ९९.३ महिने देतो आणि अचूक हिशोब ९९.७, म्हणजे चूक जवळजवळ नाहीशी. दर ८ टक्क्यांपासून जितका लांब, तितकी चूक मोठी, हा धागा इथूनच हाताला लागतो.

७२ येतो कुठून

हे समजल्याशिवाय पुढचे दोन कागद उलगडत नाहीत, म्हणून थोडे थांबतो.

व्याज जर क्षणाक्षणाला मुद्दलात मिळत राहिले असते, तर दुपटीसाठी लागणारा आकडा ७२ नसून ६९.३ असता. २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३ आहे, त्याचेच हे शंभरपट रूप. प्रत्यक्षात व्याज क्षणाक्षणाला मिळत नाही. ते वर्षाच्या, तिमाहीच्या किंवा महिन्याच्या शेवटी मिळते आणि तोपर्यंत त्या व्याजावर व्याज चढत नाही. या खोळंब्यामुळे दुपटीला जरा जास्त वेळ लागतो. दर लहान असेल तर खोळंबलेले व्याजही लहान, त्यामुळे आकडा ६९.३ च्या जवळच राहतो. दर मोठा असेल तर खोळंबलेली रक्कमही मोठी, आणि आकडा वर सरकतो.

किती वर सरकतो? याची एक पडताळणी तोंडी करता येते. दर वर्षाला १०० टक्के असेल आणि व्याज वर्षाच्या शेवटी मिळणार असेल, तर पैसे बरोबर एका वर्षात दुप्पट होतात. म्हणजे तिथे योग्य आकडा १०० आहे. ७२ चा नियम मात्र ०.७२ वर्ष, म्हणजे नऊ महिन्यांच्याही आत दुप्पट म्हणतो. तसेच ७२ टक्क्यांना नियम म्हणतो एका वर्षात दुप्पट, आणि आपल्याला कागदाशिवाय दिसते की वर्षाअखेर १०० चे १७२ झाले, २०० नाही.

तेव्हा ७२ हा स्थिर आकडा नाहीच. शून्याजवळच्या दराला तो ६९.३ असतो, ८ टक्क्यांना ७२ आणि १०० टक्क्यांना १००. सरकण्याचा वेग साधारण असा आहे की दर तीन टक्क्यांनी वाढला की आकडा एकने वाढतो. यावरून दुरुस्तीचा सोपा नियम मिळतो : दर ८ च्या वर जितका असेल त्याचा तिसरा हिस्सा ७२ मध्ये मिळवा, खाली असेल तर तिसरा हिस्सा वजा करा, मग भागा.

वर्षाला एकदा चक्रवाढ धरून काही दरांना काय होते ते पाहा. वेळ वर्षांत आहे.

| वार्षिक दर | ७२ भागिले दर | दुरुस्त आकड्याने | अचूक |
|---|---|---|---|
| २ % | ३६.०० | ३५.०० | ३५.०० |
| ४ % | १८.०० | १७.६७ | १७.६७ |
| ८ % | ९.०० | ९.०० | ९.०१ |
| १२ % | ६.०० | ६.११ | ६.१२ |
| २४ % | ३.०० | ३.२२ | ३.२२ |
| ३६ % | २.०० | २.२६ | २.२५ |

दोन टोकांना चुकीची दिशा वेगळी आहे, ते लक्षात घ्यावे. कमी दराला साधा नियम वेळ वाढवून सांगतो, जास्त दराला कमी करून सांगतो. ३६ टक्क्यांना तर तीन महिन्यांची चूक आहे, तीही अवघ्या सव्वादोन वर्षांत.

इथपर्यंत आल्यावर गुरुजींनी विचारले, “मग पतसंस्थेचा दर साडेदहा आहे, म्हणजे ७२ मध्ये थोडं मिळवायचं ना?” प्रश्न रास्त होता, पण उत्तर ‘नाही, वजा करायचं’ असे होते.

दुसरा कागद : पतसंस्थेची दामदुप्पट ठेव

पत्रकावर ठळक अक्षरांत होते, ‘८१ महिन्यांत दामदुप्पट’. खाली लाल रंगात, ‘सरासरी परतावा १४.८ टक्के’. आणि अगदी तळाला बारीक टाइपात, ‘व्याजदर १०.५ टक्के, तिमाही चक्रवाढ’.

आधी लाल अक्षरे. १४.८ कुठून आले? ८१ महिने म्हणजे पावणेसात वर्षे. १०० रुपयांवर एकूण १०० रुपये व्याज मिळते, त्याला ६.७५ ने भागले की १४.८ येतात. हा सरळ भागाकार आहे, चक्रवाढ दर नाही. हे ओळखायला बहात्तरचा नियम फार उपयोगी पडतो आणि त्याचा हा वापर मला सर्वांत मोलाचा वाटतो. खरेच १४.८ टक्के चक्रवाढ असती तर ७२ भागिले १४.८ म्हणजे ४.८६ वर्षांत, पाच वर्षांच्या आतच पैसे दुप्पट व्हायला हवे होते. संस्था स्वतःच पावणेसात वर्षे म्हणते आहे. दोन आकड्यांत जवळपास दोन वर्षांची तफावत असेल तर ती ठोकताळ्याच्या चुकीने आलेली नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. दुरुस्ती धरली तरी वेळ पाचच वर्षे येते. म्हणजे कागदावरचा दर वेगळ्या जातीचा आहे. अशी सरासरी छापण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ठेवीदार तिची तुलना बँकेच्या ७ टक्क्यांशी करून मोकळा होतो.

आता बारीक टाइप. गुरुजींच्या पेन्सिलीने ७२ भागिले १०.५ केले होते : ६.८६ वर्षे, म्हणजे ८२.३ महिने. या वेळी महिने त्यांनी बरोबर काढले होते. शेजारी लिहिले होते, ‘संस्था ८१ मध्येच देते. १ महिन्याचा फायदा’. यावरूनच ते ठेवीच्या बाजूला झुकले होते. हिशोबापेक्षा संस्था लवकर देते आहे, म्हणजे संस्था उदार आहे, असा त्यांचा सरळ तर्क.

चूक इथे आहे की नियमात वार्षिक दर घातला, पण व्याज मुद्दलात मिळते तिमाहीला. नियमाला वर्ष कळत नाही, त्याला फक्त दोन मिळवण्यांमधला काळ कळतो. म्हणून दरही त्याच काळाचा घ्यायला हवा. साडेदहाच्या चौथ्या हिश्श्याने तिमाही दर २.६२५ टक्के. हा ८ च्या बराच खाली आहे, फरक ५.३७५, त्याचा तिसरा हिस्सा १.७९. तेव्हा ७२ ऐवजी ७०.२१ घ्यायचे. ७०.२१ भागिले २.६२५ म्हणजे २६.७५ तिमाही, आणि गुणिले तीन केले की ८०.२ महिने. लॉगॅरिदमने काढलेले अचूक उत्तर ८०.२५ महिने आहे.

आता निकाल उलटला. जाहीर केलेल्या दराने पैसे ८०.२५ महिन्यांत दुप्पट व्हायला हवेत, संस्था ८१ महिने घेते. फायदा संस्थेकडे गेला, ठेवीदाराकडे नाही. रुपयांत सांगायचे तर ८१ महिने म्हणजे बरोबर २७ तिमाही होतात आणि १ लाखाची ठेव २.६२५ टक्के तिमाही दराने २७ तिमाहींनंतर २,०१,२९६ रुपये होते. संस्था देणार २ लाख. १,२९६ रुपये कमी. गुरुजी २ लाख ठेवणार होते, म्हणजे त्यांचे २,५९२ रुपये गेले असते.

रक्कम मोठी नाही आणि यात फसवणूक आहे असेही मी म्हणत नाही. मुदत पूर्ण तिमाहीत बसवायची तर २६ तिमाहींत दुप्पट होत नाही, २७ घ्याव्या लागतात आणि वरचे पैसे गोल करताना संस्थेने स्वतःकडे ठेवले. पण गुरुजींनी त्याला उदारपणा समजावे हे मला खटकले. नियमाची चूक दोन महिन्यांची होती, संस्थेच्या मुदतीतला फरक पाऊण महिन्याचा. ज्या फरकाबद्दल निर्णय घ्यायचा त्याहून मापाची चूक मोठी असेल, तर मापाने काहीही सांगितले तरी त्याला अर्थ नसतो. दोन योजनांमध्ये वर्ष-दोन वर्षांचा फरक असेल तर ७२ वापरावा. महिन्या-दोन महिन्यांच्या फरकावर बोलायचे असेल तर अचूक हिशोबच करावा.

दराच्या तुलनेत पतसंस्था तरीही वरचढ होती. ८१ महिन्यांत दुप्पट म्हणजे वर्षाला १०.८१ टक्के, पोस्टाचे ७.५. हा तीन टक्क्यांहून जास्तीचा फरक आहे आणि तो का मिळतो हे विचारायलाच हवे. पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे बँकेतल्या ठेवींना मिळणारे ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण तिच्या ठेवींना नाही. किसान विकास पत्रामागे केंद्र सरकार आहे. दुपटीचा कोणताही नियम, ठोकळ किंवा अचूक, हे गृहीत धरतो की शेवटच्या दिवशी पैसे मिळणार आहेत.

तिसरा कागद : शेकडा पाच

या चिठ्ठीवरून घरात वाद झाला होता आणि तो तीन वेगवेगळ्या आकड्यांचा होता.

मुलाचे म्हणणे होते २० महिने. महिन्याला ५ हजार, १ लाख व्हायला २० महिने. हे सरळव्याजाचे उत्तर आहे आणि सरळव्याजाला ते बरोबर आहे. सरळव्याजात नेहमी १०० ला दराने भागायचे, ७२ चा तिथे काही संबंध नाही. पण चिठ्ठीतली ती एक ओळ, थकलेले व्याज मुद्दलात, हिशोबाला चक्रवाढीत नेते. मुलाने सहा महिन्यांत एक पैसा भरलेला नव्हता. सरळव्याजाने देणे १,३०,००० झाले असते, चिठ्ठीप्रमाणे ते १,३४,०१० झाले होते. सावकाराने मागितलेला आकडा हाच होता.

गुरुजींचे उत्तर १४.४ महिने. ७२ भागिले ५.

मुलगी एका खासगी कंपनीत हिशोबाचे काम करते. ती म्हणाली, “आप्पा, महिन्याचे पाच म्हणजे वर्षाचे साठ नाहीत, जवळजवळ ऐंशी होतात. ७२ ला ऐंशीने भागा. वर्षाच्या आतच दुप्पट होतंय.” तिचे पहिले वाक्य अगदी बरोबर आहे. १.०५ चा बारावा घात १.७९६ येतो, म्हणजे परिणामी वार्षिक दर ७९.६ टक्के. ७२ भागिले ७९.६ केले की ०.९ वर्ष, म्हणजे १०.९ महिने. घरात सर्वांत जास्त गणित तिला येत असल्यामुळे शेवटी सगळ्यांनी तिचेच उत्तर धरले होते, आणि तेच चिठ्ठीच्या खऱ्या हिशोबापासून तीन महिन्यांहून जास्त लांब होते.

महिन्यागणिक रक्कम मांडली की वाद मिटतो. १ लाखाचे ११ महिन्यांनंतर १,७१,०३४ होतात. १२ महिन्यांनंतर १,७९,५८६. १४ महिन्यांनंतर १,९७,९९३ आणि १५ महिन्यांनंतर २,०७,८९३. दुप्पट होते ती चौदावा महिना उलटल्यावर, अचूक सांगायचे तर १४.२ महिन्यांना. मुलीच्या उत्तराने अकराव्या महिन्यात २ लाख व्हायला हवे होते, प्रत्यक्षात १ लाख ७१ हजारच होतात.

दर बरोबर असून उत्तर एवढे का चुकले? कारण ७९.६ टक्के हा दर ७२ च्या टापूपासून फार लांब आहे. तिथला योग्य आकडा काढू : ७९.६ वजा ८ म्हणजे ७१.६, तिसरा हिस्सा २३.९, मिळवून ९५.९. आता ९५.९ भागिले ७९.६ म्हणजे १.२ वर्ष, सुमारे साडेचौदा महिने. म्हणजे तिची वाटही योग्य ठिकाणीच जात होती, फक्त ७२ ऐवजी ९६ च्या आसपास भागायला हवे होते. गुरुजींच्या वाटेने, मासिक दर घेऊन, दुरुस्ती करायची तर ५ हा ८ पेक्षा ३ ने कमी, तिसरा हिस्सा १, म्हणून ७१ भागिले ५, उत्तर १४.२. अचूक उत्तराशी पहिल्या दशांशापर्यंत जुळले.

दोन्ही वाटांत गुरुजींची वाट चांगली. व्याज ज्या काळाने मुद्दलात मिळते त्याच काळाचा दर घेतला की दर लहान राहतो आणि लहान दराला ठोकताळा कमी चुकतो. मोठ्या वार्षिक दरात रूपांतर करून मग ठोकताळा लावणे ही उलटी वाट आहे. परिणामी वार्षिक दर दोन योजनांची तुलना करायला उत्तम, दुपटीचा भागाकार करायला वाईट.

आणि एक खूण. चिठ्ठीत जर व्याज वर्षाअखेर मुद्दलात मिळेल असे असते, तर तेच शेकडा पाच, तेच वर्षाचे साठ, पण दुप्पट व्हायला १७.७ महिने लागले असते. साठ टक्के एवढाच आकडा हातात असताना उत्तर १४.२ आहे की १७.७ हे ७२ चा नियम सांगूच शकत नाही. दर २०-२५ टक्क्यांच्या वर गेला की आधी विचारायचा प्रश्न ‘दर किती’ हा नसतो, ‘व्याज मुद्दलात कधी मिळते’ हा असतो.

दामदुपटीचा जुना दंडक आपल्याकडे याच गोष्टीला लगाम घालणारा होता. हिंदू कायद्यातला हा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी पाळला. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे जिथे देणे दुप्पट होते तिथेच व्याजाची वसुली थांबते. गुरुजींच्या मुलाच्या बाबतीत तो क्षण १४.२ महिन्यांचा की २० चा, हे केवळ एका ओळीने ठरत होते.

काय ठरले

सावकाराकडे परवाना आहे का, हे आधी पाहायला मी सांगितले. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि परवाना असला तरी सरकारने ठरवलेल्या कमाल दराच्या वर व्याज घेता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. ती बाजू वकिलाकडे सोपवली. तिचा निकाल लागेपर्यंत दीड लाख रुपये बचत खात्यात हाताशी ठेवायचे ठरले, कारण मुद्दल केव्हाही परत करायची वेळ येऊ शकते आणि ती आली की एक दिवसही थांबायचे नाही. १ लाख रुपये पोस्टात पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी ६२५ रुपये मिळवतात, चिठ्ठीवर तेच १ लाख पहिल्या महिन्याला ५,००० रुपये वाढतात. देणे उभे ठेवून विकास पत्र घेण्यात काही अर्थ नव्हता.

बचत खात्याबद्दल गुरुजींनी सवयीने विचारलेच, “इथे किती वर्षांत दुप्पट?” दर अडीच टक्के होता. ७२ ने २८.८ वर्षे, अचूक २८.०७. नऊ महिन्यांच्या आसपासची चूक, या वेळी दुसऱ्या दिशेने. कोणी २८ वर्षे पैसे बचत खात्यात ठेवत नाही, म्हणून ही चूक कोणाला टोचत नाही. पण महागाईच्या हिशोबात हेच लहान दर येतात. किमती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढल्या तर त्या १८ नव्हे, १७.६७ वर्षांत दुप्पट होतात. तिथे ७२ ऐवजी ७० ने भागावे, तोंडी हिशोबालाही तोच सोपा पडतो आणि उत्तर जवळ येते.

उरलेल्या अडीच लाखांचे किसान विकास पत्र घेतले. घेतेवेळचा दर मुदतभर कायम राहतो, त्यामुळे पुढे सरकारने दर बदलला तरी त्यांचे ११५ महिने बदलणार नाहीत. ते पूर्ण होतील तेव्हा गुरुजी साडेसदुसष्ट वर्षांचे असतील आणि हातात ५ लाख येतील. मधेच गरज पडली तर अडीच वर्षांनंतर पत्र मोडता येते. व्याज करपात्र आहे हेही त्यांना सांगितले.

मुलीने जाताना मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये अचूक हिशोब कसा करायचा ते लिहून घेतले. पहिल्या सूत्राचे उत्तर वर्षांत येते, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे महिन्यांत.

```
=NPER(7.5%,0,-1,2)
=NPER(10.5%/4,0,-1,2)*3
=NPER(5%,0,-1,2)
```

उत्तरे आली ९.५८, ८०.२५ आणि १४.२१. मग तिने स्वतःहून चौथी ओळ टाइप केली, `=NPER(79.6%,0,-1,2)*12`, आणि १४.२० आलेले आपल्या वडिलांना दाखवले.